समाधान भोये आणि तिसरा भाग

समाधान भोये माझ्या क्लासला पहिल्यांदा आला तो रात्रपाळी संपवून थेट. सकाळचे साडेनऊ झाले होते. अंगात रुग्णालयाचा निळा शर्ट, डोळे लाल. नाशिकमध्ये इंदिरानगरच्या बोगद्यापासून जवळच एका मेडिकल दुकानाच्या वरच्या मजल्यावर मी परदेशी जाणाऱ्यांना इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करून देते. मला या कामात चौदा वर्षं झाली. माणूस जिना चढताना दमतो की जिना चढून आल्यावर बोलताना दमतो, हे मला आता आवाजावरून कळतं. समाधान बोलताना दमणाऱ्यांतला होता.

तो एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूमध्ये ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स होता. वय एकतीस. घर सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर. वडील बारकू, आई कुसाबाई. भात आणि नागलीची थोडी शेती. ती उरकली की दिवाळीनंतर सगळा पाडा दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कामाला जायचा. समाधान आश्रमशाळेत शिकला आणि नर्सिंगची पदवी घेऊन नाशिकला लागला. आता त्याला इंग्लंडमधल्या एका रुग्णालयाने ऑनलाइन मुलाखत घेऊन निवडलं होतं. नोकरी पक्की होण्यासाठी इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याच्या विभागात नऊपैकी सात बँड, म्हणजे गुण, हवे होते. वाचन, ऐकणं, लिहिणं यांत त्याला अडचण नव्हती.

मी त्याची सराव मुलाखत घेतली. पहिला भाग सोपा असतो. घर, काम, आवडीनिवडी. तो त्याने नीट केला. दुसऱ्या भागात एक कार्ड देतात, मिनिटभर विचार करायला मिळतो आणि दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलायचं असतं. त्याने आपल्या जुन्या मोटारसायकलचं वर्णन केलं. दीड मिनिट बोलला, चांगला बोलला. मग तिसरा भाग आला.

तिसऱ्या भागात परीक्षक तुमची मोटारसायकल सोडून देतो. त्याच विषयाचा धागा धरून तो मोठे प्रश्न विचारतो. लोक प्रवास का करतात? पूर्वीच्या आणि आताच्या प्रवासात काय फरक पडला? पुढे काय होईल? चार-पाच मिनिटं अशीच चर्चा चालते.

"लोकांना स्वतःचं वाहन असावंसं का वाटतं?" मी इंग्रजीत विचारलं.

"जायला-यायला," तो म्हणाला आणि थांबला.

मी वाट पाहिली. तोही वाट पाहत होता.

"आणखी?"

"आणखी काय, मॅडम?" त्याने मराठीत विचारलं. "उत्तर झालं ना."

उत्तर खरंच झालं होतं. आयसीयूमध्ये पाळी बदलताना समोरच्या सिस्टरला तो असंच सांगत असणार. बेड चार, रक्तदाब नव्वद-साठ, लघवी कमी, सलाईन चालू. तिथे जो एक शब्द जास्त बोलतो त्याच्यावर सिनियर डाफरतात. तिथे 'मला वाटतं' आणि 'कदाचित' असल्या शब्दांनी माणूस मरू शकतो.

मी त्याला समजावलं की इथे उत्तर बरोबर की चूक हे कोणी तपासत नाही. तुझं मत काहीही असो, ते तू कसं उलगडून सांगतोस ते ऐकतात. आधी मत सांग. मग ते का, ते सांग. मग तुलना कर, शहर आणि गाव, तरुण आणि म्हातारे, तेव्हा आणि आता. आणि सगळ्यांवर एकदम शिक्का मारू नकोस. 'सगळे लोक' म्हणू नकोस, 'बरेचसे लोक' म्हण. 'असंच असतं' म्हणू नकोस, 'साधारणपणे असं दिसतं' म्हण. थोडी जागा मोकळी ठेवून बोलायचं.

त्याने वहीत लिहून घेतलं. वहीवर रेघा आखून, शस्त्रक्रियेची हत्यारं मांडून ठेवावीत तसे शब्द मांडले. दुसऱ्या आठवड्यात ते त्याला पाठ होते आणि तेवढ्यानेच घोटाळा झाला. मी काहीही विचारलं की तो 'टु सम एक्स्टेंट' म्हणून सुरुवात करायचा आणि त्याच्या पुढे रिकामी जागा यायची. पाठ केलेलं बोलणं परीक्षकाला लगेच ओळखू येतं. मी ते त्याला दहादा सांगितलं.

त्याच तुकडीत देवळाली कॅम्पची स्नेहल होती. वडील फौजेत, त्यामुळे तिची शाळा चार राज्यांत झालेली. तिला मी विचारलं की वृत्तपत्रं बंद पडतील का, तर ती तीन मिनिटं बोलली. तिच्या घरी वृत्तपत्र येतच नव्हतं. तरी तिचं बोलणं वाहतं होतं. मध्येच ती स्वतःचंच मत खोडायची, पुन्हा उभं करायची, हसायची. समाधान तिच्याकडे बघत राहायचा. एकदा जिन्यात मला म्हणाला, "मॅडम, ती खोटं बोलत नाही आणि खरंही बोलत नाही. हे कसं करतात?"

त्याची खरी अडचण मला फार उशिरा कळली. मी विचारलं होतं, म्हाताऱ्या माणसांनी कुटुंबात राहावं की वृद्धाश्रमात? तो म्हणाला, "माझे वडील घरी राहतात." मी म्हटलं, "वडलांचं नको, लोकांचं सांग."

"लोक म्हणजे कोण, मॅडम?"

"लोक म्हणजे लोक. समाज."

"आमच्या पाड्यावर बावीस घरं आहेत. मला सगळ्यांची नावं येतात. त्यांच्यातला एकही 'लोक' नाही."

मी हसले. आता आठवलं की बरं वाटत नाही.

पहिल्या परीक्षेत त्याला बोलण्यात सहा मिळाले. दुसऱ्या वेळी साडेसहा. बाकी सगळं हवं तेवढं होतं. स्नेहलला साडेसात मिळाले आणि ती शिकायला आयर्लंडला गेली. निकालात नुसता आकडा येतो. कुठे चुकलं, कुठल्या उत्तरात गेलं, ते कोणी सांगत नाही. तिकडच्या रुग्णालयाने मार्चअखेरपर्यंत जागा धरून ठेवली होती. त्याने मार्चच्या पहिल्या आठवड्यातली तारीख घेतली.

जानेवारीत तो सुधारला. खरंच सुधारला. मी त्याला कागदावरून उठवलं होतं. आम्ही गोल्फ क्लब मैदानावर फेऱ्या मारायचो आणि मी चालता चालता विचारायचे. शहरात उपचार चांगले मिळतात की गावात? तो म्हणायचा, साधारणपणे शहरात, कारण तज्ज्ञ डॉक्टर जवळ असतात. दुर्गम भागात त्या मानाने वेळ जास्त जाऊ शकतो. अर्थात प्रत्येक गाव सारखं नसतं, आणि रस्ते सुधारले तर हा फरक काही अंशी कमी होईल. एका दमात. मी थांबले आणि म्हटलं, "हे सात आहे, समाधान. हे नक्की सात आहे." त्याने मान खाली घातली. त्याला आनंद झाला की तो असं करायचा.

फेब्रुवारीच्या मध्याला एका सकाळी बारकू भोये अंगणात तोंड धुताना खाली पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पाड्यावर तेव्हा म्हातारी माणसं आणि लहान मुलं एवढीच होती. जवान माणसं द्राक्षाच्या हंगामाला गेलेली, आणि त्या भागातल्या जीपगाड्याही मजूर पोचवायला दिंडोरीकडे गेलेल्या. कुसाबाईंनी शेजारच्या म्हाताऱ्याला, धोंडीरामला, खालच्या गावात पळवलं. तो साठीचा. त्याला चालत जायला दीड तास लागला. तिथे फोनला रेंज मिळाली, पण रुग्णवाहिका दुसऱ्या फेरीवर होती. शेवटी ऊस वाहणारा एक ट्रॅक्टर मिळाला. तालुक्याला पोचेपर्यंत दुपार झाली. तिथून नाशिकला पाठवलं. सिव्हिल हॉस्पिटलच्या दारात समाधान उभा होता, त्याने स्ट्रेचर ओढताना घड्याळ बघितलं. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? आठ तास होऊन गेले होते.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. कॉरिडॉरमध्ये कुसाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. एक तरुण डॉक्टर बाई बाहेर आल्या. त्यांचाही चेहरा झोप नसलेला होता. त्या सौम्यपणे बोलल्या.

"हे बघा, आत्ताच काही सांगता येणार नाही. काही पेशंट सुधारतात, काहींना वेळ लागतो. वयावर असतं, बाकीच्या त्रासांवर असतं. आधी आले असते तर कदाचित चित्र वेगळं असतं. पण तेही खात्रीने नाही म्हणता येत."

त्या गेल्या. समाधान माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "आठ बँड."

मी कुसाबाईंच्या शेजारी जाऊन बसले.

कुसाबाईंनी मान वर केली. "काय म्हनली रे ती? बरा व्हईल का नाय तुजा बा?"

समाधान त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "बघू, आई. आत्ता सांगता येत नाही. होऊ शकेल."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावला.

"तू आसं कधी बोलत नाय," त्या म्हणाल्या. "मंजे नाय व्हनार."

बारकू भोये अकराव्या दिवशी गेले. समाधान त्यांना पाड्यावर घेऊन गेला. बागांतून लोक परत आले होते, एक दिवस खाडा करून. तिथेच त्याला कळलं की ज्यांच्या जीपगाड्या गेल्या होत्या त्यातला एक त्याचा सख्खा चुलतभाऊ किशोर होता. किशोर त्याच्या पायाशी बसून रडला. समाधानने त्याला उठवलं. हे त्याने मला फोनवर सांगितलं आणि त्याच दमात विचारलं, "मॅडम, परीक्षेची तारीख तीच ठेवू ना?"

मी म्हटलं, पुढे ढकल. तो म्हणाला, मार्चअखेर त्यांची मुदत संपते, आता ढकलली तर निकाल वेळेत यायचा नाही. तसं तो खरंच बोलत होता. मी नाही म्हणायला हवं होतं का? मला अजून कळत नाही. मी म्हटलं, "ठीक आहे. एकदा सराव करू." तो सरावाला आला नाही.

परीक्षेच्या दिवशी मी केंद्राच्या बाहेर चहाच्या टपरीवर थांबले. आत आम्हाला जाऊ देत नाहीत. त्या केंद्रावर बोलण्याची परीक्षा एका छोट्या खोलीत पडद्यावर होते. परीक्षक दुसरीकडे कुठेतरी बसलेला असतो, पण प्रत्यक्ष बोलतो, प्रत्यक्ष ऐकतो. पंधरा मिनिटांच्या आत सगळं आटोपतं. समाधान बाहेर आला, माझ्या शेजारी बाकावर बसला आणि मी काही विचारायच्या आधी सगळं सांगू लागला. त्याचं सांगणं पाळी बदलताना द्यावं तसंच, क्रमाने.

परीक्षक बाई होत्या. वयस्क, चष्मा लावलेल्या, चांगल्या वाटल्या. कार्डावर विषय आला, तुम्हाला कोणी मदत केली तो प्रसंग. त्याने नर्सिंगला प्रवेश घेताना मदत केलेल्या आश्रमशाळेच्या सरांबद्दल सांगितलं. दोन मिनिटं पूर्ण झाली, त्यांनीच थांबवलं. मग तिसरा भाग.

"पहिला प्रश्न, शहरातले लोक जास्त मदत करतात की गावातले. मी म्हटलं, साधारणपणे गावातले, कारण ते एकमेकांना ओळखतात. शहरात बरेचसे लोक घाईत असतात, पण अपघात झाला तर शहरात मदत लवकर पोचू शकते. त्यामुळे मदतीची इच्छा आणि मदतीची सोय या दोन गोष्टी वेगळ्या करून बघाव्यात, असं म्हटलं."

इतकं चांगलं उत्तर मी त्याला कधी शिकवलं नव्हतं.

"दुसरा, पूर्वीच्या मानाने लोक आता कमी मदत करतात का. तेही जमलं. कदाचित कमी नाही, पद्धत बदलली, असं. मग तिसरा. लोकांना मदत करायची इच्छा असते, तरी काही वेळा ते करत नाहीत. असं का होत असावं?"

त्याने टपरीवाल्याकडे एक चहा मागितला.

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, कारण ते तिथे नसतात. ते दुसऱ्याच्या बागेत कामाला गेलेले असतात."

"चांगलं आहे की. मग पुढे?"

"त्या म्हणाल्या, सर्वसाधारणपणे लोकांच्या बाबतीत काय वाटतं? मी म्हटलं, मी सर्वसाधारणपणेच सांगतोय. बावीस घरं." त्याने हात झटकला. "मग त्यांनी शेवटचं विचारलं. ही परिस्थिती भविष्यात बदलावी म्हणून काय करता येईल असं तुम्हाला वाटतं?"

मला उत्तर माहीत होतं. कोणत्याही विद्यार्थ्याला माहीत असतं. एक म्हणजे सरकार हे करू शकेल, दुसरं म्हणजे शाळांतून ते शिकवता येईल, अर्थात याला वेळ लागेल. जानेवारीत मैदानावर त्याने असली पंचवीस उत्तरं दिली होती. रस्ते सुधारले तर फरक काही अंशी कमी होईल.

"मी म्हटलं, काही नाही."

"एवढंच?"

"त्यांनी थोडी वाट पाहिली. मग विचारलं, असं का वाटतं? मी म्हटलं, कारण तो दिवस होऊन गेला." तो रस्त्याकडे बघत होता. "त्यांनी प्रश्न फिरवून विचारला, मॅडम. दोनदा. त्यांनी माझ्यासाठी प्रयत्न केला. माझ्या तोंडात सगळे शब्द होते. 'इट डिपेन्ड्स' होतं, 'पॉसिबली' होतं. मी तोंड उघडलं की तेच ऐकू यायचं, आधी आले असते तर कदाचित. मग मी गप्प बसलो. त्या म्हणाल्या, धन्यवाद, परीक्षा संपली."

मला त्याचा राग आला. ही गोष्ट मी लपवत नाही. बापाला जाऊन दहा दिवस झालेल्या माणसाचा मला राग आला, कारण एका मिनिटाचं बोलणं होतं. मी म्हटलं, "अरे, त्यांना खरं उत्तर नको होतं! त्यांना फक्त बोलणं हवं होतं."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

निकाल काही दिवसांनी आला. बोलणं साडेसहा. त्या एका उत्तरामुळे गेलं की उच्चारांमुळे, की व्याकरणामुळे, ते कळायला मार्ग नाही. फेरतपासणी मागता येते. मी अर्ज भरायला बसले, पण त्याने नको म्हटलं. "त्यांनी जे ऐकलं ते बरोबरच ऐकलं असणार," म्हणाला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिकडच्या रुग्णालयाची मेल आली. तुमच्या परिस्थितीबद्दल आम्हाला वाईट वाटतं, दुर्दैवाने ही जागा आता उपलब्ध नाही, भविष्यात कदाचित पुन्हा संधी येऊ शकेल. त्याने ती मला फॉरवर्ड केली, खाली एक अक्षरही न लिहिता.

त्यानंतर तो क्लासला आला नाही. मी जूनमध्ये त्याच्याकडे गेले. त्याने अंबडच्या औद्योगिक वसाहतीजवळ एक खोली घेतली होती आणि कुसाबाईंना तिथे आणलं होतं. दिवसपाळी असली की त्या सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत एकट्या असायच्या. खिडकीतून समोरच्या कारखान्याची पत्र्याची भिंत दिसायची. त्या म्हणाल्या, "हितं कुनाला हाक मारावी तर नाव म्हाईत नाय." समाधान स्टोव्हवर चहा ठेवत होता. तो वळला नाही.

त्याला आता आयसीयूतून सामान्य वॉर्डात हलवलं होतं. कारण विचारलं तर म्हणाला, नातेवाइकांशी बोलणं जमत नाही. एका पेशंटच्या मुलीने विचारलं होतं, बाबा वाचतील का. त्याने नाही म्हणून सांगितलं. त्याच संध्याकाळी पेशंट गेला. तरी तक्रार झाली. व्यवस्थापक म्हणाले, असं थेट बोलत जाऊ नका.

मी जायच्या आधी त्याच्याशी बोलले. म्हटलं, पुन्हा दे परीक्षा. कारण तुझं वय अजून आहे. दुसऱ्यांच्या मानाने तुझं बाकीचं सगळं पक्कं आहे. आणखी एखादं रुग्णालय कदाचित निघेल, सगळीच दारं बंद झाली असं काही म्हणता येणार नाही, आई काही दिवस तरी नातेवाइकांकडे राहू शकतील. मी बरंच बोलले असेन. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकलं.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही फार छान बोलता."

मग त्याने मला खाली रिक्षापर्यंत सोडलं. वरून कुसाबाईंनी त्याला हाक मारली, तसा तो जिना चढून गेला.

आता जुलैची नवीन तुकडी सुरू झाली आहे. अकरा जण आहेत, त्यातले सात नर्सिंगचे. तिसरा भाग मी त्यांना पूर्वी शिकवायचे तसाच शिकवते, कारण तो शिकवायची दुसरी पद्धत मला येत नाही. परवा जव्हारकडची एक मुलगी, वैष्णवी, उत्तर देता देता तिच्या आईबद्दल बोलू लागली. मी हात वर करून तिला थांबवणार होते. थांबवलं नाही. तिचं बोलणं संपेपर्यंत ऐकलं आणि मग म्हटलं, "आता हेच लोकांबद्दल सांग." तिने मान डोलावली आणि सांगितलं.